ठरलेला कागद मिळाला नाही तेव्हा

माझा छोटा छापखाना आहे. एका संस्थेच्या स्मरणग्रंथाचं काम आलं होतं: डेमी आकार, 320 पानं, हजार प्रती. कागद 80 जीएसएम, पिवळसर छटेचा, फुगीर जातीचा. दरपत्रकात तो नावानिशी लिहिला होता आणि संस्थेने त्यावर सही केली होती. फायली तयार झाल्या, मुखपृष्ठ मंजूर झालं, आणि कागदाच्या व्यापाऱ्याचा फोन आला की हा माल सध्या नाही, मिलमधून पुढचा लॉट यायला सहा आठवडे लागतील. प्रकाशन समारंभ पाच आठवड्यांवर होता.

मी संस्थेच्या चिटणीस मॅडमना फोन केला. त्या गडबडीत होत्या. "अहो, कागदातलं आम्हाला काय कळतंय? तुम्ही म्हणाल ते चालेल." पूर्वी असं "चालेल" ऐकून मी एकदा कागद बदलला होता, आणि ते म्हणणाऱ्याच गृहस्थांनी नंतर बिलातली रक्कम कापली होती. तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, दोन दिवसांत लेखी पाठवतो. त्यावर सही आल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही."

पर्याय दोन निघाले, दोन्ही साधे मॅपलिथो, पिवळसर छटेतच. एक 80 जीएसएमचा, दुसरा 90 चा. आता जीएसएम सारखा म्हणजे कागद सारखा, असं बहुतेकांना वाटतं. पण जीएसएम हे फक्त एका चौरस मीटरचं वजन आहे. ठरलेला कागद फुगीर होता, म्हणजे त्याच वजनात जास्त जाड. दहा ताव एकत्र मोजून दहाने भागलं तर एक ताव 120 मायक्रॉन भरत होता. साधा 80 चा भरला 100. 320 पानं म्हणजे पुस्तकात कागदाची 160 पत्रं, त्यामुळे कणा 19.2 मिलिमीटरवरून 16 वर येणार. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण मंजूर मुखपृष्ठात कण्यावरचं नाव मधोमध बसवलेलं होतं. तीच फाइल वापरली असती तर कण्याचा रंग पुढच्या-मागच्या पानावर उतरला असता. साधा 90 चा कागद 112 ते 113 मायक्रॉन भरला, म्हणजे कणा 18 मिलिमीटर. मुखपृष्ठ तरीही बदलावं लागणार होतं, पण पुस्तक हातात घेतल्यावर ते पूर्वीच्या अंदाजाच्या जवळ राहणार होतं.

दुसरा फरक मागचा मजकूर पुढे दिसण्याचा. फुगीर कागदात तंतूंच्या मध्ये हवा जास्त असते, प्रकाश जास्त विखुरतो, त्यामुळे तो कमी पारदर्शक. दाबून गुळगुळीत केलेल्या साध्या 80 च्या कागदातून मागच्या ओळी जाणवतात. या ग्रंथात जुने फोटो होते आणि फोटोंच्या मागे मजकूर होता. ही गोष्ट शब्दांत सांगून कुणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून मी तेच एक फोटोचं पान तिन्ही कागदांवर दोन्ही बाजूंनी छापून घेतलं. ठरलेल्या कागदाचे चार-पाच ताव नमुन्याच्या संचात उरले होते, तेही कामी आले. दोन्ही पर्यायांची कोऱ्या कागदाची डमीही बाइंडरकडून बांधून घेतली.

खर्चाचा हिशेब मांडताना मात्र मला जरा अवघडल्यासारखं झालं. साधा कागद किलोमागे 8 टक्के स्वस्त होता. म्हणजे 80 चा घेतला तर कागदाचा खर्च 8 टक्क्यांनी कमी. पण 90 चा घेतला तर कागदाचं प्रत्येक पत्र साडेबारा टक्क्यांनी जड, आणि कागद वजनावर विकला जातो. शंभराच्या जागी किलोमागे 92, त्याला 1.125 ने गुणलं की 103.5. किलोला स्वस्त असलेला कागद एकूण साडेतीन टक्क्यांनी महाग पडत होता. हे उलगडून लिहिलं नाही तर समोरच्याला शंका येणारच. शिवाय माझा नफा मी कागदाच्या खर्चावर टक्क्यांत लावतो, म्हणजे महाग पर्यायात माझा वाटाही आपोआप वाढला असता. तो मी मूळ रकमेवर गोठवला आणि तसं संस्थेला पाठवायच्या पत्रात लिहिलं.

पत्र एकाच पानाचं ठेवलं. सुरुवातीला काय ठरलं होतं आणि का मिळत नाही, सोबत व्यापाऱ्याच्या पत्राची प्रत. मग तीन मार्ग: सहा आठवडे थांबणे, पर्याय अ म्हणजे साधा 80 चा, पर्याय ब म्हणजे साधा 90 चा. प्रत्येकापुढे कणा, कागदाच्या खर्चातला फरक, तारीख, आणि नमुन्यात काय बघायचं ते. आणि शेवटी:

"माझी शिफारस पर्याय ब. छटा मूळ कागदापेक्षा किंचित फिकी आहे, ती दिवसाच्या उजेडात पाहावी. मुखपृष्ठाची नवी फाइल मी विनामूल्य करून देईन. कागद कापल्यानंतर निवड बदलता येणार नाही. आपलं उत्तर शुक्रवारपर्यंत न आल्यास छपाई सुरू होणार नाही आणि तारीख तितकीच पुढे जाईल."

हे शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. उत्तर नाही म्हणजे होकार, असं लिहायचा मोह होतो, कारण त्याने आपलं काम अडत नाही. पण तसा होकार पुढे वादात टिकत नाही.

गुरुवारी संपादकांचा मेल आला: "नमुने छान आहेत. पुढे जा." कोणता पर्याय, त्याचा पत्ता नाही. आणि मूळ दरपत्रकावर सही मॅडमची होती, संपादकांची नव्हती. मी दोघांनाही उत्तर लिहिलं, की कृपया पर्यायाचं अक्षर आणि वाढीव रक्कम मान्य असल्याचं मॅडमनी लिहावं. संपादक थोडे नाराज झाले. "एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "सर, उद्या हिशेबनीसांनी विचारलं तर हाच कागद तुमच्याही कामी येईल." शुक्रवारी दुपारी मॅडम स्वतः आल्या, खिडकीपाशी दोन्ही डमी उलटसुलट करून पाहिल्या, पत्रावर "पर्याय ब, कणा 18 मिमी, वाढीव खर्च मान्य" असं लिहून सही केली, आणि मी मागितल्यावर डमीच्या पहिल्या पानावरही केली. तीच डमी बाइंडरकडे गेली, म्हणजे तिथेही दुसरा कागद घुसायला जागा राहिली नाही.

ग्रंथ वेळेवर झाला. पण पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. सुमारे तीनशे प्रती वर्गणीदारांना टपालाने पाठवायच्या होत्या आणि टपालखर्च त्यांनी जुन्या वजनावर धरला होता. आतल्या पानांचं वजन प्रतीमागे 387 ग्रॅमवरून 435 वर गेलं होतं, आणि पाकीट दराच्या पुढच्या टप्प्यात शिरलं होतं. माझ्या पत्रात कणा होता, छटा होती, पैसे होते, पण प्रतीचं वजन नव्हतं. वाढीव टपालखर्चातला अर्धा मी उचलला, आणि पत्राच्या नमुन्यात तो रकाना वाढवला.