आखूड बोटं आणि एक फोटो: नखांचा आकार व रंग ठरवण्याची तीन महिन्यांची नोंद

माझी बोटं आखूड आहेत आणि नखं त्याहून आखूड. मधल्या बोटाच्या नखाची गुलाबी जागा, म्हणजे बोटाला चिकटलेला भाग, 9 मिलिमीटर लांब आणि 11.5 मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे नख लांबीपेक्षा रुंद. नख वाढवलं नाही तर कुठलाही रंग लावा, बोटाच्या टोकाला आडवा ठिपकाच दिसतो. या वेळी फाइल हातात घेण्याआधी हाताचा फोटो काढायचा आणि त्यावरच सगळं ठरवायचं, असं मी ठरवलं. काय जमलं, काय फसलं, ते क्रमाने लिहिते.

पहिला आठवडा: फोटोच चुकीचा होता

पहिला फोटो मी नेहमीसारखाच काढला. डावा हात टेबलावर, उजव्या हातात फोन, अंतर जेमतेम वीत. त्यात बोटं इतकी बुटकी दिसली की मला प्रश्न पडला, लोकांना माझा हात खरंच असा दिसतो का? मग त्याच हाताचा फोटो कुणाकडून तरी लांबून काढून घेतला, तर हात वेगळाच दिसला.

कारण सोपं आहे. हात टेबलावर ठेवला की हाताची पाठ टेबलापासून सुमारे 3 सेंटिमीटर वर असते आणि नखं 1 सेंटिमीटर. फोन टेबलापासून 20 सेंटिमीटरवर धरला तर पाठ लेन्सपासून 17 सेंटिमीटरवर येते आणि नखं 19 वर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे हाताची पाठ नखांच्या तुलनेत सुमारे 12 टक्क्यांनी फुगते. पंजा मोठा दिसला की बोटं आपोआप आखूड वाटतात. फोन 60 सेंटिमीटरवर नेला की हाच फरक साडेतीन टक्क्यांवर येतो. तेव्हा फोन लांब धरायचा आणि झूम करून हात चौकटीत भरायचा. जवळ जाऊन तीच चौकट भरली तर तोच दोष परत येतो.

दुसरी फसवणूक नखाच्या कलाची. बोट सैल ठेवलं की नखाचं टोक खाली झुकतं. ते 30 अंशांनी झुकलेलं असेल तर वरून काढलेल्या फोटोत नखाची लांबी 13 टक्क्यांनी कमी भरते. मी बोटांच्या टोकांखाली रुमालाची घडी ठेवली आणि नखाचा पृष्ठभाग लेन्ससमोर सपाट येईल असं पाहिलं. शेजारी मोजपट्टी ठेवली, म्हणजे फोटोवरून मिलिमीटर काढता येतात. अंगठा मात्र या फोटोत कधीच बसत नाही. तो आडवा पडतो आणि नखाची एकच बाजू दिसते. त्याचा फोटो वेगळा काढावा लागतो.

दुसरा ते चौथा आठवडा: फोटोवर रेघा

नखं दरमहा साधारण 3 मिलिमीटर वाढतात. माझा पांढरा भाग जेमतेम 1 मिलिमीटर होता, म्हणजे 4 मिलिमीटर व्हायला महिना लागणार होता. तेवढ्या वेळात मी फोनमधल्या चित्र काढायच्या ॲपवर, फोटोवर वेगळा थर घेऊन, पाचही नखांवर आकार काढत बसले. स्क्वेअर, स्क्वोव्हल, ओव्हल, अल्मंड, प्रत्येकाचा वेगळा थर.

इथे एक सवय मोडावी लागली. नखावर झूम करून बारीक रेघ काढताना प्रत्येक आकार सुंदरच दिसतो, कारण बोट चौकटीबाहेर गेलेलं असतं. आकार काढून झाला की फोटो खऱ्या हाताएवढा करून, फोन हातभर लांब धरून बघायचा. तसं बघितल्यावर स्क्वेअर लगेच बाद झाला. त्यात नखाचं टोक बुडाइतकंच, साडेअकरा मिलिमीटर रुंद राहतं. दोन कोपऱ्यांमधली ती आडवी रेघ डोळा आधी पकडतो आणि बोट तिथेच तोडल्यासारखं वाटतं. स्क्वोव्हलमध्ये कोपरे गोल होतात, पण आडवी रेघ बरीचशी राहते. नखाची जागा अरुंद असलेल्या आखूड बोटांना स्क्वोव्हल चांगला दिसतो, हे मी दुसऱ्यांच्या हातांवर पाहिलंय. माझ्यासारख्या रुंद नखाला तो मदत करत नाही.

अल्मंड मात्र फोटोत अप्रतिम दिसला. टोक 5 मिलिमीटरपर्यंत निमुळतं, बोट त्याच दिशेने पुढे जात असल्यासारखं. मी तोच निवडला.

पाचवा आठवडा: तडा

चौथ्या आठवड्याच्या शेवटी फोटोतल्या रेघेप्रमाणे नखं घासली. सहाव्या दिवशी उजव्या तर्जनीच्या नखाला बाजूने तडा गेला, अगदी त्या जागी जिथे नख बोटाच्या मांसापासून सुटतं. दुसऱ्या दिवशी अनामिकेलाही त्याच जागी पांढरी रेघ उमटली.

चूक फोटोतच होती, फक्त मला तेव्हा दिसली नाही. नख बोटापासून सुटतं तिथे दोन्ही बाजूंना सगळ्यात जास्त ताण येतो. निमुळतेपणा त्या बिंदूच्या पुढे सुरू व्हायला हवा आणि तोवर बाजू सरळ राहायला हव्यात. साडेअकरावरून पाचवर यायचं म्हणजे प्रत्येक बाजूने सव्वातीन मिलिमीटर आत यायचं. 4 मिलिमीटरच्या पांढऱ्या भागात हे बसवायचं तर वळण ताणाच्या बिंदूपासूनच, किंबहुना त्याच्या मागूनच, सुरू करावं लागतं. मी तसंच केलं होतं आणि नखाचा आधारच कापून टाकला होता. नख अरुंद असेल तर याच लांबीत अल्मंड बसू शकतो, कारण आत यायचं अंतर कमी असतं. माझ्या रुंदीला आणखी बरीच लांबी हवी, आणि दिवसभर कीबोर्डवर काम करताना तेवढं लांब नख मला जमत नाही.

सगळी नखं पुन्हा 1 मिलिमीटरवर आणली. वाईट वाटलं, पण एक नख आखूड आणि चार लांब असले की ते आखूड बोटच आधी दिसतं.

आता रेघ काढताना मी आधी ताणाच्या बिंदूंवर दोन ठिपके देते आणि ठरवते की रेघ त्या ठिपक्यांच्या पुढेच वळेल. या एका नियमाने बरेच पर्याय कागदावरच गळतात.

आठवा आठवडा: आखूड ओव्हल

पांढरा भाग अडीच मिलिमीटर झाला. आता नखाची एकूण लांबी साडेअकरा, म्हणजे रुंदीइतकीच. मला ही जागा महत्त्वाची वाटते. लांबी आणि रुंदी सारखी असताना टोक गोलाकार आत घेतलं की नख रुंदीपेक्षा लांब असल्यासारखं वाटतं, कारण डोळा रुंदी बुडाशी मोजत नाही, टोकाशी मोजतो. ओव्हलला फार निमुळतं व्हावं लागत नाही, त्यामुळे ताणाचे बिंदू शाबूत राहतात.

घासताना 240 ग्रिटची फाइल वापरली. आधी दोन्ही बाजू सरळ केल्या, मग बाजूकडून मध्याकडे एकाच दिशेने. दर दोन-तीन मिनिटांनी त्याच रुमालावर, त्याच अंतरावरून फोटो काढला आणि आराखड्याशी जुळवला. उजव्या हाताने डाव्या हाताची नखं घासताना मी एक बाजू नेहमी जास्त खाते, हे मला प्रत्यक्षात कधी दिसलं नव्हतं, फोटोत दिसलं. फोटो आडवा उलटा करून बघितला की असा तिरपेपणा लगेच डोळ्यात भरतो.

नववा आणि दहावा आठवडा: रंग

रंगासाठी जुना फोटो चालत नाही. हात काळ्या टेबलावर असेल तर फोन उजेड वाढवतो आणि कातडी खऱ्यापेक्षा उजळ येते. पांढऱ्या चादरीवर उलटं होतं. मी मध्यम राखाडी कापड घेतलं, खिडकीशेजारी पण थेट ऊन येणार नाही अशी जागा धरली आणि चौकटीत एक पांढरा कागद ठेवला. पहिल्या फोटोत त्या कागदाचेच आकडे लाल 232, हिरवा 226, निळा 214 आले. म्हणजे फोटोवर पिवळी झाक होती. माझ्या मधल्या पेरावरची कातडी त्यात 176, 128, 100 होती. कागद पांढरा धरून ढोबळ दुरुस्ती केली तर 176, 131, 108 होते. फरक लहान दिसतो, पण पिवळट बेज आणि गुलाबी तपकिरी यांत निवड करायची असते तेव्हा एवढ्यानेच उत्तर बदलतं. रंगाचा नमुना मी मधल्या पेरावरूनच घेते. सांध्यावरची कातडी गडद असते आणि नखाभोवतीची लालसर.

नखांवर फोनमध्येच रंग भरून बघणं मी सोडून दिलं. न्यूड शेड बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतात. खालचा गुलाबी रंग त्यातून डोकावतो आणि एका कोटचा रंग दोन कोटला राहत नाही. त्याऐवजी पारदर्शक टिप्सवर, म्हणजे प्लास्टिकच्या नकली नखांवर, दोन-दोन पातळ कोट लावले, पूर्ण वाळू दिले आणि त्या खऱ्या नखांवर पाण्याच्या थेंबावर चिकटवून फोटो काढले. पाणी नसेल तर मध्ये हवा राहते आणि रंग फिका, दुधट दिसतो.

तीन शेड होत्या: फिका गुलाबी बेज, कातडीपेक्षा किंचित गडद गुलाबी तपकिरी आणि गडद मरून. तिन्ही फोटो कृष्णधवल केले, आणि इथे निकाल अगदी स्पष्ट लागला. फिका बेज कातडीपेक्षा उजळ, त्यामुळे बोटांच्या टोकांना पाच पांढुरके ठिपके. बाटलीत हाच रंग मला सगळ्यात आवडला होता. मरूनचे पाच काळे गोल. गुलाबी तपकिरी मात्र करड्या फोटोत जवळपास हरवला, नख कुठे संपतं आणि बोट कुठे, ते कळेना. रंगीत फोटोत बोट टोकापर्यंत एकसंध दिसलं. रंगाचं नाव काहीही असो, आखूड बोटाला आधी कातडी आणि रंग यांच्या उजेडातला फरक बघावा, असं माझं मत झालंय.

तरी मरून मी सोडला नाही, तो मला मनापासून आवडतो. तो लावताना दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर नख मोकळं ठेवलं. साडेअकराचं नख साडेदहाचं झालं आणि लांबी तीच राहिली. क्युटिकलकडे मात्र अशी फट ठेवायची नाही. तिथे जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, फक्त कातडीला ब्रश लागू द्यायचा नाही. तिथे फट राहिली की लांबीच कमी होते. टॉप कोट चकचकीतच ठेवला, कारण नखाच्या मधोमध पडणारी उजेडाची उभी रेघ लांबी दाखवते. मॅटमध्ये ती जाते.

आज, बारावा आठवडा

आठ बोटांवर आखूड ओव्हल, गुलाबी तपकिरी, दोन कोट. तडा एकही नाही. अंगठे अजून बसलेले नाहीत. त्यांची रुंदी 15 मिलिमीटर आहे आणि त्याच वळणाचा ओव्हल तिथे गोलच दिसतो. या आठवड्यात अंगठ्याचा समोरून फोटो काढून, पांढरा भाग साडेतीन मिलिमीटर धरून आराखडा केलाय आणि ताणाचे ठिपके दिलेत. सध्या पांढरा भाग अडीचवर आहे, म्हणजे आणखी साधारण दहा दिवस थांबायचं.