मॅडमना पाठवलेला पहिला सुट्टीचा मेसेज

सांगलीत विश्रामबागला एका कर सल्लागारांकडे मी इंटर्न म्हणून लागलो, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तारीख दहा. जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरायची मुदत अकराला, आणि माझं पोट पहाटे चारपासून बिघडलेलं. आमच्या मॅडम म्हणजे पावणेदहाला कोण आलं नाही ते न बघताच ओळखणाऱ्या.

साडेसहाला मेसेज लिहायला घेतला. पहिला मसुदा थेट शाळेच्या अर्जासारखा झाला: ‘विनंती अर्ज करतो की’. तो पुसला. दुसऱ्यात आजाराचं इतकं साग्रसंगीत वर्णन केलं, की माझी मलाच लाज वाटली. मग ‘आज सुट्टी घेऊ का?’ असं लिहिलं. पण त्या नाही म्हणाल्या तर? जायची ताकद तर नव्हतीच, मग विचारायचं कशाला? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “फोनच कर की सरळ.” फोन! मॅडमना! अंगठ्याने टाइप करत, पुसत आठ वाजले. शेवटी गेला तो हा:

‘मॅडम, पहाटेपासून पोट बिघडलंय. आज येणं जमणार नाही. बरं वाटलं तर दुपारी येतो. सॉरी.’

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर चार मिनिटांनी: ‘दुपारी किती वाजता?’

ते ‘बरं वाटलं तर’ मी निव्वळ भीतीपोटी घातलं होतं. चांगला दिसेन म्हणून. पण समोरच्याला दुपारचं काम ठरवायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. पुन्हा लिहावं लागलं: ‘आज नाहीच जमणार. उद्या दहाला येतो.’ त्यावर: ‘ओके. बिलं कुठं आहेत?’

खरं तर त्यांना एवढंच हवं होतं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची १४३ विक्री बिलं माझ्याकडे होती, त्यातली ११२ कॉम्प्युटरवर टाकून झालेली. राहिलेली ३१ डाव्या कप्प्यात, रबर लावून. पहिल्याच मेसेजात ही एक ओळ असती तर तीनदा धडधड झाली नसती. माझं दुखणं एका वाक्यात संपलं असतं, त्यावर मी दीड तास घालवला.

हो, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. मी आधी तिथंच टाइप करत होतो. नशीब, पाठवायच्या आधी वर नाव बघितलं.

अकरा तारखेला गेलो. सगळी बिलं टाकून झालेली होती. वरच्या कागदावर मॅडमच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘९७ नंबर दोनदा घेतलायस. पोट कसंय?’