प्रश्नचिन्हावर रूम मिळत नाही: एअरबोर्नच्या सहीचा माझा अनुभव

बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले, तेव्हा युनिफॉर्मच्या आधी हातात एक कार्ड पडलं. त्यावर आजार पसरण्याच्या वाटेप्रमाणे घ्यायच्या खबरदारीचे तीन रकाने होते: कॉन्टॅक्ट म्हणजे स्पर्शानं, ड्रॉपलेट म्हणजे थेंबांनी, एअरबोर्न म्हणजे हवेनं. प्रत्येक प्रकारचा एक पेशंट स्वतः सांभाळायचा, मग इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर बघून सही करणार. तिन्ही सह्या होईपर्यंत आयसीयूची ड्युटी नाही. दोन सह्या कशा मिळाल्या ते आता नीट आठवतसुद्धा नाही. तिसरी मात्र बेड ऑफिसच्या खिडकीपाशी अडकली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय, नवीन येणाऱ्या मुलींसाठी आणि मुलांसाठी.

कॉन्टॅक्टचा पेशंट होता पायाच्या जखमेत एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू, निघालेला. आत जाताना दारातच गाऊन आणि ग्लोव्ह्ज घालायचे. बीपीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप त्याचा त्यालाच ठेवायचा, दुसऱ्या बेडला न्यायचा नाही. ड्रॉपलेटचा होता गालगुंड झालेला मुलगा. खोकताना-बोलताना उडणारे मोठे थेंब साधारण मीटरभरात खाली बसतात, म्हणून जवळ जाताना साधा सर्जिकल मास्क लावायचा, बेडमध्ये निदान एक मीटर अंतर आणि मध्ये पडदा ठेवायचा. खोलीचं दार उघडं राहिलं तरी चालतं. झालं, दोन सह्या.

एअरबोर्नसाठी मला मिळाला निपाणीकडचा एक माणूस, तंबाखूच्या वखारीत काम करणारा. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं आणि एक्स-रेमध्ये वरच्या बाजूला पोकळी. डॉक्टरांनी केसपेपरवर प्रश्नचिन्ह काढून पुढे ‘कॉक्स’ लिहिलं, म्हणजे टीबीचा संशय. पेशंट सहा बेडच्या मेल वॉर्डात होता. शेजारच्या बेडवर शुगरवाले आजोबा, पलीकडे किडनीचा पेशंट.

मी आयसोलेशन रूमचा फॉर्म भरून बेड ऑफिसला गेले. फॉर्मवर एक रकाना होता ‘निदान’ आणि दुसरा ‘रिपोर्ट जोडला आहे का’. खिडकीतले सर म्हणाले, “मोदल रिपोर्ट तगोंड बर्री.” मी म्हटलं, सर, रिपोर्ट यायचाय, पण रूम आधी लागते. मग ते मराठीत आले, “आधी रिपोर्ट आणा की ओ सिस्टर. प्रश्नचिन्हावर मी रूम कशी देऊ? उद्या सगळेच प्रश्नचिन्ह काढतील.”

इथेच सगळी गोम आहे. एअरबोर्नची खबरदारी संशयावर सुरू होते. रिपोर्ट लागतो तो ती थांबवायला. बेड ऑफिसचा फॉर्म नेमका उलटा होता. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट टेस्ट मशीनवर दोन तासांच्या आत होते हे खरं, पण आधी पेशंटला खालून खोकून बेडका काढता यायला हवा, तो लॅबला पोचायला हवा, आणि रविवार मध्ये यायला नको. आमच्याकडे रविवार मध्ये आला. पहिला नमुना तर नुसती लाळ होती, लॅबनं परत पाठवला.

तोवर तो माणूस सहा जणांमध्ये खोकत होता. टीबीचे जंतू ज्या कणांवर बसतात ते इतके बारीक असतात की खाली न बसता तासन् तास हवेत तरंगतात. मीटरभर अंतर आणि पडदा ड्रॉपलेटला पुरतो, इथे पुरत नाही. हवा वॉर्डभर फिरते आणि तिच्याबरोबर तेही फिरतात. मी परत खिडकीशी गेले. जेवणाची सुट्टी. परत गेले. सर राउंडला. परत गेले तर नवीनच प्रश्न, “पेशंट डिलक्सचा आहे की जनरलचा?” खरं सांगते, त्या काउंटरवर पेन आपटायची इच्छा झाली होती.

रूम मिळेपर्यंत वॉर्डात काय करता येतं, ते सिस्टरांनी फोनवर सांगितलं आणि मी तेच केलं. पेशंटला सर्जिकल मास्क दिला. एन-95 नाही. त्याच्या तोंडातून बाहेर येणारं अडवायला साधा मास्क पुरतो, आणि धाप लागलेल्या माणसाला एन-95 सहन होत नाही. व्हॉल्व्हवाला तर मुळीच द्यायचा नाही, त्यातून श्वास न गाळता बाहेर पडतो. त्याचा बेड टोकाच्या खिडकीखाली हलवला आणि खिडक्या सताड उघडल्या. स्टँडचा फॅन त्याच्या अंगावरून वॉर्डाकडे वारा टाकत होता, तो फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवला. शुगरवाले आजोबा आणि किडनीचा पेशंट दुसऱ्या वॉर्डात गेले. त्यासाठी बेड ऑफिसला लगेच जागा सापडली, हे विशेष. आणि थुंकीचा नमुना बाहेर, मोकळ्या हवेत घ्यायला लावला. पेशंटला बाथरूममध्ये पाठवायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. त्या बंद खोक्यात तो खोकतो आणि पाच मिनिटांनी दुसरा कुणीतरी आत जातो.

बायको सारखी विचारायची, “ओ सिस्टर, ह्येस्नी सगळ्यांपासून लांब का टाकल्यासा?” दारावरच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत, ती शिकलेली मराठी शाळेत. तिला बसवून सांगितलं की ताटवाटी, कपडे, हात लावणं यानं हा आजार लागत नाही, हवेनं लागतो, म्हणून मास्क आणि खिडकी. एवढं कळल्यावर नवऱ्याच्या तोंडावरचा मास्क घसरला की तीच आमच्या आधी ओरडायची.

शेवटी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर स्वतः खाली आल्या. त्यांनी बेड ऑफिसशी वाद घातला नाही. डॉक्टरांना गाठलं आणि ट्रीटमेंट शीटवर ऑर्डर लिहून घेतली: ‘एअरबोर्न प्रिकॉशन आत्तापासून सुरू, टीबी नाही असं ठरेपर्यंत.’ खाली सही, तारीख, वेळ. बेड ऑफिसला निदान पटत नव्हतं, पण डॉक्टरांची ऑर्डर नाकारता येत नव्हती. दहा मिनिटांत रूम. म्हणून सांगते, केसपेपरवर प्रश्नचिन्ह दिसलं की आजाराच्या नावाशी भांडत बसू नका. खबरदारीचा प्रकार ऑर्डर म्हणून लिहून मागा.

पण रूम कसली? एसी डिलक्स. काचा कायमच्या बंद, भिंतीवर स्प्लिट एसी. नातेवाईक खूश, मीही खूश. सिस्टरांनी दार दोन बोटं उघडं ठेवून खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरली. पट्टी बाहेर, आमच्याकडे उडाली. म्हणजे आतली हवा कॉरिडॉरमध्ये येत होती. एअरबोर्न रूममध्ये पट्टी आत ओढली गेली पाहिजे. त्यालाच निगेटिव्ह प्रेशर म्हणतात, आणि तिथे तासाला निदान 12 वेळा हवा बदलायला हवी, जुन्या बांधकामात 6. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, बाहेरची घेत नाही. अशा बंद खोलीपेक्षा समोरासमोर खिडक्या असलेली साधी खोली कितीतरी बरी. पेशंटला जुन्या विंगच्या टोकाच्या नॉन-एसी खोलीत नेलं. खिडक्या उघड्या, कॉरिडॉरचं दार बंद. बंद म्हणजे बंद. चहावाले मामा दाराला वीट लावून ठेवायचे, ती मी रोज काढायचे.

आता मास्कचं. मला कुणी तरी आधी सांगायला हवं होतं की एन-95 स्टोअरमधून मिळेल तो घालायचा नसतो. आधी फिट टेस्ट होते. डोक्यावर प्लास्टिकचं हूड चढवतात, मास्क घातलेला असताना आत सॅकरीनचा फवारा मारतात आणि मान हलवायला, मोठ्यानं वाचायला लावतात. गोड चव लागली तर मास्क गळतोय. आमच्या स्टोअरमधला कपसारखा मास्क माझ्या हनुवटीशी गळत होता, घडीचा बसला. दाढीवाल्या ब्रदरना कुठलाच बसला नाही, त्यांना दाढी काढावी लागली. ही टेस्ट वर्षातून एकदा. पण दर वेळी घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडून आणि ओढून बघायचंच. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची.

सहीच्या वेळी सिस्टरांनी सगळ्यात जास्त लक्ष दिलं ते मास्क कुठे काढते यावर. कॉन्टॅक्टमध्ये गाऊन-ग्लोव्ह्ज आतच काढून बाहेर यायचं. एन-95 मात्र खोलीबाहेर घालायचा आणि बाहेर येऊन, दार ओढून घेतल्यावरच काढायचा. आत काढला तर शेवटचे दोन श्वास त्याच हवेत जातात. काढताना मागचे पट्टे धरायचे, पुढच्या भागाला हात नाही, आणि मग हात धुवायचे. कांजिण्यांचा पेशंट असेल तर दोन्ही नियम एकदम लागतात, कारण तो हवेनंही पसरतो आणि पुरळातल्या पाण्यानंही. तिथे ग्लोव्ह्ज आणि गाऊन आत, एन-95 बाहेर. आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही नाही, त्यांनी त्या खोलीत जायचंच नाही. ड्युटी लागली तरी इनचार्जना स्पष्ट सांगायचं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. टीबीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली, गोळ्या सुरू झाल्या. तोवर वॉर्डात त्याच्या शेजारी राहिलेल्यांची यादी करून द्यावी लागली. वेळेत रूम मिळाली असती तर ती यादी लहान असती, हे मी बेड ऑफिसच्या सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

पेशंट घरी गेला त्या दुपारी त्यांचाच फोन, “खोली रिकामी झाली न्हवं, पुढचा पेशंट पाठवू?” पेशंट गेला तरी हवा तिथेच असते. तासाला 12 वेळा हवा बदलत असेल तर 99.9 टक्के कण जायला 35 मिनिटं लागतात, 6 वेळा असेल तर 69, आणि 2 वेळाच बदलत असेल तर 207, म्हणजे जवळपास साडेतीन तास. त्या वेळात सफाईच्या मावशींनीसुद्धा एन-95 घालूनच आत जायचं. आमच्या खोलीत हवा किती वेळा बदलते हे कुणी मोजलेलं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी साडेतीन तास धरले आणि दारावर वेळ लिहिली. सर म्हणाले, “हेचा पण रिपोर्ट लागतो काय?” सिस्टर म्हणाल्या, “नाही, घड्याळ लागतं.”

सही त्याच संध्याकाळी झाली. फॉर्मवर अजून तोच रकाना आहे, फक्त ‘रिपोर्ट’च्या पुढे कुणीतरी पेनानं ‘किंवा डॉक्टरांची ऑर्डर’ लिहिलंय. आणि हो, राहिलंच: वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत. कार्डाच्या मागच्या बाजूला हे प्रश्न असतात, ते तोंडी विचारतात.