तुम्ही विचारलंत म्हणून : मागच्या वेळी गोळीने उतरलेला ताप

“डॉक्टर, मागच्या वेळी व्हायरल ताप आला तेव्हा अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेतल्या आणि ताप उतरला. मग या वेळी तीच गोळी लिहून द्यायला काय हरकत आहे?”

तुमचा अनुभव खरा आहे. मला फक्त एवढेच विचारायचे असते, की ती गोळी तुम्ही तापाच्या कितव्या दिवशी घेतली होती?

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पती-पत्नी आले होते. दोघांनाही सोमवारी संध्याकाळी अंगदुखी, घशात खवखव आणि १०२ अंश ताप सुरू झाला होता. पॅरासिटामॉल घेतली की ताप उतरत असे आणि पाच-सहा तासांनी पुन्हा चढत असे. बुधवारी रात्री पतीने घरात उरलेली अॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली. पत्नी बाळाला अंगावर पाजत असल्यामुळे तिने विचारल्याशिवाय काहीही घ्यायचे नाही असे ठरवले. शुक्रवारी सकाळी दोघांचाही ताप गेलेला होता. पत्नी आजारी नसती, तर सगळे श्रेय त्या गोळीला मिळाले असते आणि पुढच्या तापाला पतीने ती पहिल्याच दिवशी घेतली असती.

सर्दी-खोकल्यासारखा साधा विषाणूजन्य ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ओसरतो. आपण पहिला दिवस अंगावर काढतो, दुसऱ्या दिवशी घरगुती उपाय करतो आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटून अँटिबायोटिक घेतो, म्हणजे नेमके ताप जाण्याच्या बेतात असतानाच ती पोटात जाते. हा गैरसमज टिकून राहण्याचे मुख्य कारण मला हेच वाटते, आणि त्यात अडाणीपणा मुळीच नाही. डोळ्यांसमोर जे घडले त्यावरून कोणीही हाच निष्कर्ष काढील.

अँटिबायोटिक हे जिवाणूंवरचे औषध आहे. अमॉक्सिसिलिन जिवाणूभोवतीची भिंत बांधू देत नाही, तर अॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या पेशीतील प्रथिने तयार करणारी यंत्रणा बंद पाडते. विषाणूला अशी भिंत नसते आणि अशी यंत्रणाही नसते. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे या औषधाला पकडायला तेथे काही सापडतच नाही, मग गोळी ५०० ची असो वा इंजेक्शन कितीही महागडे असो. ताप खाली आणण्याचे काम पॅरासिटामॉलचे आहे, आणि अँटिबायोटिकसोबत ती बहुधा घेतलेलीच असते.

टायफॉइडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तो जिवाणूंमुळे होतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतेच. तरीही योग्य औषध सुरू केल्यावर ताप पूर्ण जायला अनेकदा चार-पाच दिवस लागतात. म्हणून एका गोळीत दुसऱ्या दिवशी ताप गेला, तर तो स्वतःहून गेला असण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय ताप खरोखर टायफॉइडचा असेल आणि तुम्ही आधीच दोन गोळ्या घेतलेल्या असतील, तर रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू वाढत नाहीत, निदान हातातून निसटते आणि आजार अर्धवट दबून लांबतो. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जुलाब होतात, आणि आतड्यातील जे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत ते मागे उरून वाढतात, ही हानी वेगळीच.

पण प्रत्येक ताप व्हायरल असतो असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस यांत अँटिबायोटिक वेळेवर देणे अत्यावश्यक असते, आणि तेव्हा ती मी स्वतः आग्रहाने देतो. मलेरियाचे औषध आणखी वेगळे असते. पहिल्या दिवशी हे सगळे ताप सारखेच दिसू शकतात, म्हणून तपासणी झाल्यावर मी “तिसऱ्या दिवशी ताप असेल तर पुन्हा या” असे सांगतो. तो सल्ला उपचाराचाच भाग आहे. तोपर्यंत मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून घ्यावी, पाणी, पेज, ताक भरपूर प्यावे आणि लघवी नेहमीसारखी होते आहे ना याकडे लक्ष ठेवावे. यकृताचा आजार असेल तर पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावी. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, आणि तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे.

श्वास लागणे, न थांबणाऱ्या उलट्या, पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत धोक्याचे असू शकतात, आणि त्याच वेळी “गोळी लागू पडली” असे समजून माणूस कामावर निघालेला असतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन तापासाठी घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.