परळमधली अकरा मिनिटं

लीड्सहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले, तर परळच्या माझ्या जुन्या हॉस्पिटलातल्या इन्चार्ज ताईंनी चहाबरोबर कामही पुढ्यात ठेवलं. "नवे सिरिंज पंप आलेत गं. नर्सेससाठी सीएनईचा वर्ग घ्यायचाय. कंपनीचा माणूस बटणं दाखवून गेला, पण अलार्म वाजला की पोरी गांगरतात."

सिरिंज पंप म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने शिरेत ढकलणारं यंत्र. तिकडे लीड्सला पंपाला हात लावायच्या आधी मला तो कुणाच्या तरी देखरेखीखाली चालवून दाखवावा लागला होता. नुसता पेपर लिहून सही मिळाली नव्हती. म्हटलं, तेच करू. बटणांना वीस मिनिटं पुरे, बाकी सगळा वेळ एकाच अलार्मला, नळी तुंबल्याच्या.

आदल्या दिवशी ताईंसोबत रंगीत तालीम केली. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये साधं सलाइन भरलं, पण ते नॉरअॅड, म्हणजे बीपी वर ठेवणारं औषध, धरलं. 50 मिलीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 80 मायक्रोग्रॅम. पेशंट 60 किलोचा, डोस किलोमागे मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम, म्हणून रेट तासाला 4.5 मिली. मग नळीच्या टोकाची तीन तोंडांची तोटी, म्हणजे थ्री-वे, मुद्दाम बंद ठेवून पंप सुरू केला. स्क्रीनवर सगळं आलबेल. अलार्म वाजला अकराव्या मिनिटाला! एवढा वेळ पेशंटला औषधाचा थेंबही गेला नसता आणि बीपी उतरलं असतं.

खरी गंमत पुढे. अलार्म ऐकताच ताईंनी सवयीने थ्री-वे उघडला. मी त्याच्या पुढे 1 मिलीची सिरिंज दट्ट्या काढून उभी धरली होती. नळीत साठलेल्या दाबाने सलाइन सर्रकन 0.6 मिलीपर्यंत चढलं. म्हणजे 48 मायक्रोग्रॅम, आठ मिनिटांचा डोस एका दमात. आधी बीपी पडणार, मग एकदम उसळणार. ताई सिरिंजकडे बघतच राहिल्या. "अगं, आम्ही रोज हेच करतो!"

बरोबर क्रम असा: आधी पेशंट आणि बीपी बघायचं, पंप थांबवायचा, थ्री-वे अजून बंद असतानाच पंपाची नळी तिथून सोडवून दाब बाहेर जाऊ द्यायचा, नळी स्वच्छ राखून परत जोडायची आणि मगच थ्री-वे उघडायचा. काही पंप हा दाब स्वतःच उतरवतात. आपला उतरवतो का, ते सिरिंज धरून बघायचं.

चोवीस जणींना एकदम बोलावलं तर वॉर्ड उघडा पडतो, म्हणून दुपारी ड्युटी बदलताना बारा-बाराच्या दोन बॅचेस केल्या. पंप चार, एका पंपावर तिघी. परीक्षेत रेट तासाला 60 मिली ठेवला, म्हणजे अलार्म मिनिटाभरात येतो. नाहीतर बदलापूरवाल्यांची लोकल चुकली असती.

परीक्षा एकेकीची, बाकीच्या दाराबाहेर. थ्री-वे आम्ही गुपचूप बंद करायचो आणि फक्त हात बघायचो. दाब न सोडता थ्री-वे उघडला की नापास, बाकी सगळं अचूक असलं तरी. पहिल्या बॅचमध्ये पाचजणी नापास झाल्या. त्यांच्याकडून लगेच पुन्हा करून घेतलं, आणि महिन्याने ताई सगळ्यांनाच वॉर्डात न सांगता तपासणार आहेत.

पाचांतली एक सर्वांत सीनियर. तिने दुसऱ्या खेपेला नळी सोडवली, बोटावर आलेला थेंब पुसला आणि म्हणाली, "वीस वर्षं हा थेंब पेशंटला जात होता की गं."