तीन शब्दांची तार

‘सोयाबीन पिवळे उपाय’. ऑगस्टच्या दुपारी कृषी सल्ला देणाऱ्याच्या फोनवर असे तीन शब्द येऊन पडतात. नमस्कार नाही, गावाचं नाव नाही. पाठवणारा उद्धट नसतो बरं का. तो बांधावर उभा असतो, उन्हात स्क्रीन नीट दिसत नसते, एका हातात उपटलेलं रोप असतं. शब्दाला पैसे पडायचे तेव्हा लोक तारेतही असंच लिहायचे. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, पण तिची भाषा काही गेली नाही.

अशा निरोपात शेवटचा शब्द बघावा. उपाय, भाव, तारीख, जे मागायचं ते तिथे असतं. अडचण आधीच्या शब्दांत असते, कारण पिवळं पडण्याची कारणं एकापेक्षा जास्त. उलट पाच प्रश्न विचारले तर समोरचा गप्प होतो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. लोहाची कमतरता धरून एकच उपाय सांगावा, तर रोग मोझॅकचा निघाला की फवारणी वाया. म्हणून उत्तरातच दोन वाटा ठेवायच्या, त्याही रोपाकडे बघून लगेच निवडता येतील अशा: ‘शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या? वावरातलं पाणी काढा, वाफसा आला की फेरस सल्फेट ५० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन फवारा. पानावर हिरवे-पिवळे चट्टे? मोझॅक आहे, ती झाडं उपटून गाडा, पांढरी माशी आवरा.’ खाली एवढंच: ‘पानाचा फोटो टाका.’

दुसरा निरोप याच दुखण्याचा, पण सबंध: ‘दादा, खालच्या वावरात चार दिवस पाणी साचलं होतं. आता शेंडा पिवळा पडलाय, शिरा मात्र हिरव्या हायेत. मोझॅक तर नसंल?’ याला तीच दोन वाटांची चिठ्ठी पाठवली की तो म्हणतो, ‘सांगितलं की राव सगळं!’ चुकत नाही त्याचं. शिरांचं त्यानं लिहिलंय, मग परत कशाला विचारायचं? त्याच्या भीतीला आधी उत्तर द्यावं: ‘मोझॅक वाटत नाही. साचलेल्या पाण्यात मुळांना लोह उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडलीत. आधी खालच्या वावराला चर काढा.’ मग फवारणी. चट्ट्यांचा विषयच काढायचा नाही.

थोडक्यात विचारणाऱ्याला कमी माहिती द्यायची, असा मात्र याचा अर्थ काढू नये. वरचं पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा लांबच आहे. त्यानं जे लिहिलं नाही, ते आपल्याला लिहावं लागतं.

कधी कधी नुसतं ‘सोयाबीन लातूर’ येतं. ऑक्टोबरात आलं तर बाजार समितीतला भाव तारखेसकट कळवावा. जुलैत आलं तर? पेरणीचं असेल, खोडमाशीचं असेल, नाहीतर कुणाच्या घरात अजून गेल्या सालचं पोतं पडून असेल.

विचारावंच लागतं मग.