एक पानाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट, एक पोस्टर आणि ते ९८ टक्के

प्रदर्शन होऊन महिना झाला तरी त्या सहीच्या फॉर्मचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट मोटरच्या बेअरिंगचा होता, व्हायब्रेशनवरून बेअरिंग खराब झालंय का ते ओळखायचं. ६२०५ नंबरची ६ बेअरिंगं घेतली, ३ चांगली ठेवली आणि ३ च्या बाहेरच्या रेसवर स्पार्क मशिनने बारीक खाच पाडून घेतली. रीडिंग घेणं, कोड वगैरे सगळं वेळेत झालं. अडलं ते पुढे, टेक्निकल एक्झिबिशनला पाठवायच्या एका पानावर.

अ‍ॅबस्ट्रॅक्टची मर्यादा ३०० शब्द. माझ्या पहिल्या ड्राफ्टमधले शंभरेक शब्द बेअरिंग उद्योगात किती महत्त्वाचं आहे यावरच गेले होते. गाईड मॅडमनी तो परिच्छेद सरळ खोडला आणि म्हणाल्या, "हे वाचणाऱ्याला माहितीये, तू काय मोजलंस ते पहिल्या दोन ओळीत सांग." मग लिहिलं ते असं : काय ओळखायचंय, किती बेअरिंगांवर, कुठल्या स्पीडला, कुठल्या पद्धतीने, काय निघालं आणि कुठवर खरं मानायचं. एवढं लिहिल्यावर २३० शब्दातच संपलं.

आता तो आकडा. आमच्या प्रोग्रामची अचूकता आधी ९८ टक्के आली होती आणि आम्ही खूष होतो. पण प्रत्येक रेकॉर्डिंगचे आम्ही छोटे छोटे तुकडे केले होते, तेही एकमेकांवर अर्धे चढलेले, आणि सगळे एकत्र मिसळून त्यातले काही ट्रेनिंगला, काही टेस्टला दिले होते. म्हणजे एकाच बेअरिंगचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे. प्रोग्राम दोष ओळखत होता की ते बेअरिंगच ओळखत होता हे त्यावरून कळत नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा आम्ही पुन्हा केलं, ५ बेअरिंगांवर शिकवायचं आणि सहावं पूर्ण बाजूला ठेवून त्यावर तपासायचं, असं आळीपाळीने सहाही. आकडा ८१ वर आला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये अचूकता संशयास्पद चांगली दिसत असेल तर आधी हे बघा, की टेस्टमधली वस्तू ट्रेनिंगमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात येऊन गेलीये का.

आम्ही अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ८१ लिहिलं. आणि इथेच डिपार्टमेंटच्या फॉर्मवर सही अडली. कोऑर्डिनेटर सरांनी फॉर्म पहिल्यांदा परत केला तो "ब्लॉक डायग्राम नाही" म्हणून. एका पानात ब्लॉक डायग्राम घातला की रिझल्टची आकृती बसत नाही हे सांगितलं तर म्हणाले टेम्प्लेटमध्ये आहे. दुसऱ्यांदा ब्लॉक डायग्राम टाकून नेला तर म्हणाले, "बाकीच्या ग्रुपचे ९५ च्या वर आहेत, तुमच्याकडे ९८ आहे ना, मग तोच टाका." मी म्हटलं सर तो आकडा बरोबर नाहीये. तर म्हणाले एका पानात एवढं कोण विचारतंय. मग सर ४ दिवस बाहेरगावी, फॉर्म टेबलावर, पोर्टलची शेवटची तारीख जवळ येतेय आणि मी रोज मधल्या सुट्टीत केबिनच्या बाहेर उभी. एकूण ९ दिवस गेले एका सहीला. शेवटी मॅडम स्वतः आल्या, आणि ठरलं ते असं की दोन्ही आकडे एकाच वाक्यात द्यायचे, तुकडे मिसळून तपासलं तर ९८ आणि न पाहिलेल्या बेअरिंगवर ८१. सरांना ९८ मिळाला, आम्हाला खरं लिहायला मिळालं, आणि ते वाक्य आता मला अख्ख्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधलं सगळ्यात चांगलं वाटतं. पण ९ दिवस! हे वाक्य पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर. म्हणून सांगते, सहीला जाताना आकड्यासोबत तो कसा काढला ते अर्ध्या ओळीत आधीच लिहून न्या, तोंडी समजावायला जाऊ नका.

पोस्टरसाठी आमच्याकडे १४ आकृत्या होत्या, ठेवल्या ३. मुख्य एकच, एन्व्हलप स्पेक्ट्रम. कारण असं की आमची मोटर १४४० आरपीएमला, म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या, आणि ६२०५ च्या मापांवरून बाहेरच्या रेसवर खाच असेल तर एका फेरीत साधारण ३.५८ ठोके बसतात, म्हणजे ८६ हर्ट्झ. पण साध्या एफएफटीत ८६ ला काहीच उठून दिसत नाही, कारण ठोका बसला की धातू बराच वरच्या फ्रिक्वेन्सीला वाजतो, आमच्याकडे ३ किलोहर्ट्झच्या आसपास. तो पट्टा फिल्टरने वेगळा काढायचा, त्याचा एन्व्हलप घ्यायचा आणि त्याची एफएफटी करायची, मग ८६, १७२, २५८ ला सरळ सुळके दिसतात. आमचा पहिला सुळका खरंतर ८५.३ ला आला. बॉल थोडे घसरतात म्हणून एखाद टक्का फरक पडतोच, तो आम्ही लपवला नाही, हिशोबाची रेघ तुटक काढली आणि बाजूला लिहिलं.

यात एक चूक मी करून बसले होते. वर चांगलं बेअरिंग, खाली खराब, आणि दोन्हींची उभी स्केल प्रोग्रामने आपापली ठरवलेली. त्यामुळे चांगल्या बेअरिंगचा नुसता नॉइजसुद्धा खराबच्या सुळक्याएवढा उंच दिसत होता! स्केल एकच ठेवली तेव्हा वरचं चित्र जवळजवळ सपाट झालं आणि न सांगता फरक कळायला लागला.

```
plt.rcParams["font.size"] = 24
fig, ax = plt.subplots(2, 1, sharex=True,
                       sharey=True, figsize=(9.5, 7))
# दोन्ही आलेख काढून झाल्यावर
fig.savefig("envelope.pdf")
```

`figsize` इंचात असतं, पोस्टरवर आकृती जेवढी छापायची तेवढंच द्या, म्हणजे २४ पॉइंट म्हणजे खरंच २४ पॉइंट छापतो. लहान काढून नंतर ओढून मोठं करू नका, आणि स्क्रीनशॉट तर नकोच, पीडीएफमध्ये सेव्ह केलं तर रेघा फुटत नाहीत.

दुसरी आकृती सहा बेअरिंगांचा वेगवेगळा निकाल, कारण ८१ ही सरासरी आहे आणि त्यातलं एकच बेअरिंग फार चुकत होतं, ते दिसायलाच हवं. तिसरी सेन्सर कुठे बसवला त्याचा फोटो. ब्लॉक डायग्राम पोस्टरवरून काढला, तिथे टेम्प्लेटची सक्ती नव्हती.

प्रदर्शनात एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघणारे काका आले, त्यांनी थेट ८६ च्या सुळक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "लोडवर पण दिसतं का हे?" आम्ही लोड न देताच घेतलं होतं आणि खाचही मुद्दाम पाडलेली, दोन्ही पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, तेच दाखवलं. काका म्हणाले, "बरं झालं लिहिलंत." मग पंधरा मिनिटं बोलत उभे होते. ९८ बद्दल दिवसभरात कोणी विचारलं नाही, ८१ बद्दल तिघांनी विचारलं.

हां, आणि छापायच्या आधीचं एक राहिलंच. आमचं पोस्टर ए१ होतं. तेच आधी ए४ वर काढा आणि हातभर अंतरावर धरून वाचा, कारण ए१ चं ए४ केलं की सगळं साधारण ३५ टक्के होतं आणि दीड मीटरवरून पोस्टर जसं दिसेल तसंच अर्ध्या मीटरवरून हे दिसतं. आमच्या अक्षांवरची नावं त्यातच वाचता येत नव्हती, दुकानात जायच्या आदल्या रात्री कळलं.